एका खुर्चीचा दवाखाना : न येणारे पेशंट आणि ताटकळणारे पेशंट

प्रश्न : सांगलीत विश्रामबागेत माझा एका खुर्चीचा दातांचा दवाखाना आहे. संध्याकाळी सहा ते नऊ प्रत्येकाला पंधरा मिनिटांची अपॉइंटमेंट देतो. रोज दोघे-तिघे न कळवता येत नाहीत, तेव्हा खुर्ची रिकामी राहते. इतर वेळी लोक तास-दीड तास बसून चिडतात. आगाऊ पैसे घ्यावेत, की एका वेळेला दोघांना बोलवावे?

उत्तर :

या दोन्हींपैकी काहीही करण्याआधी दोन आठवडे एक साधी वही ठेवा. तिच्यात प्रत्येक पेशंटसमोर चार वेळा लिहायच्या : दिलेली वेळ, पेशंट दारात आला ती वेळ, खुर्चीवर बसला ती वेळ, आणि खुर्ची पुसून पुढच्या पेशंटसाठी तयार झाली ती वेळ. शेजारी कामाचे नाव. चौथी वेळ बहुतेक जण लिहीत नाहीत, कारण पेशंट उठला की काम संपले असे आपण धरतो. खुर्चीच्या हिशेबाने मात्र काम तेव्हा संपलेले नसते.

माझ्या एका खुर्चीच्या दवाखान्याला वीस वर्षांहून अधिक काळ झाला. सुरुवातीला मी रूट कॅनॉलच्या पहिल्या सिटिंगला पाऊण तास लागतो असे ठामपणे सांगत असे. वही ठेवली तेव्हा खुर्ची तासाहून अधिक वेळ अडकते असे दिसले. हातातले काम खरोखरच पाऊण तासाचे होते; पण खालच्या दाढेला भूल चढायला पाच-दहा मिनिटे जात होती, एक्स-रे घेण्यात काही मिनिटे जात होती, आणि शेवटी आत आलेल्या नातेवाइकांना सगळे पुन्हा समजावून सांगण्यात आणखी काही. तुम्ही पंधरा मिनिटांच्या घरात तासाचे काम बसवत असाल, तर त्या पेशंटनंतर आलेले तिघे ताटकळणारच. दुसरीकडे, टाके काढायला दहा मिनिटेही लागत नाहीत. म्हणजे एकाच वहीत काही घरे ओसंडून वाहतात आणि काही अर्धी रिकामी राहतात, आणि हे न आलेल्या पेशंटमुळे होत नसून आपण दिलेल्या वेळांमुळे होते.

याच वहीत आणखी एक गोष्ट तपासून पाहा. दोन पेशंटच्या मध्ये खुर्ची रिकामी असताना बाहेर कोणी बसलेले होते का? असेल, तर अडचण पेशंटची नसून हत्यारांची आहे. माझ्याकडे सुरुवातीला हँडपीस मोजकेच होते. ऑटोक्लेव्हचे प्रत्यक्ष निर्जंतुकीकरण १२१ अंशांना पंधरा मिनिटांचे असले, तरी तापणे, वाफ सोडणे आणि सुकणे धरून पाऊण ते एक तास सहज जातो, आणि तेवढा वेळ मी पेशंट बाहेर बसलेला असूनही थांबलेला असे. त्यावर उपाय एक जादा हँडपीस आणि तपासणीच्या हत्यारांचे आणखी काही संच एवढाच होता. अपॉइंटमेंटची कोणतीही शिस्त ही उणीव भरून काढत नाही, म्हणून ती आधी शोधावी.

आणि सहाची पहिली अपॉइंटमेंट असेल, तर सहाला तुम्ही स्वतः हातमोजे घालून तयार असले पाहिजे. डॉक्टर वीस मिनिटे उशिरा आले की ती वीस मिनिटे शेवटच्या पेशंटपर्यंत तशीच सरकत जातात. काही आठवड्यांत लोकांनाही ते ठाऊक होते, आणि मग सातची वेळ दिलेला माणूस साडेसातला येतो, तर दुसरा एखादा नंबर आधी लागावा म्हणून सव्वासहालाच येऊन बसतो.

आता दोघांना एका वेळेला बोलवण्याविषयी. तुमचे बारापैकी दोन पेशंट येत नाहीत असे धरू, म्हणजे सहातला एक. प्रत्येक वेळेला दोघांना बोलावले, तर दोघेही येण्याची शक्यता पाच षष्ठांश गुणिले पाच षष्ठांश, म्हणजे छत्तीसपैकी पंचवीस वेळा. दोघेही न येण्याचा प्रसंग छत्तीसात एकदाच. एक रिकामी जागा वाचवण्यासाठी तुम्ही दहापैकी जवळजवळ सात वेळा कोणाला तरी पूर्ण काम संपेपर्यंत बाहेर बसवणार. तासाच्या कामाला हे कधीही करू नये.

मात्र संध्याकाळच्या सुरुवातीला, आणि तेही फक्त छोट्या कामांसाठी, दोघांना एकत्र बोलावणे योग्य ठरते. नॉर्मन बेली या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतील रांगांचा अभ्यास करून हाच मार्ग सुचवला होता : आरंभी दोघांना बोलवावे आणि पुढे प्रत्येकाला एका तपासणीला सरासरी जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतराने. पहिला पेशंट उशिरा आला तरी दुसरा हजर असतो आणि डॉक्टरांचा वेळ वाया जात नाही. दुसऱ्याला थांबावे लागलेच, तर ते दहा मिनिटांचे असते. बेली यांची रचना सारख्या प्रकारच्या तपासण्यांची होती. आपल्याकडे कामे लहान-मोठी असतात, त्यामुळे नियमाचा आरंभ घ्यावा आणि पुढची अंतरे आपल्या वहीतून ठरवावीत.

तुमची सहा ते नऊची संध्याकाळ मी अशी मांडेन. सहाला दोघे : एकाचे टाके काढायचे, दहा मिनिटे, दुसऱ्याची पहिली तपासणी, पंधरा मिनिटे. पाच मिनिटे मोकळी ठेवून साडेसहाला रूट कॅनॉलची पहिली सिटिंग, पूर्ण एक तास. साडेसात ते सात पन्नास ही जागा कोणालाही आधी द्यायची नाही. ती त्या दिवशी दुपारी दाढ ठणकते म्हणून फोन करणाऱ्यासाठी राखून ठेवायची. सात पन्नासला दात भरणे, अर्धा तास. आठ वीसला तयार कॅप बसवणे, वीस मिनिटे. आठ चाळीसला एक तपासणी, पंधरा मिनिटे. हे सात पेशंट झाले. तुमच्या वहीत आज बारा नावे असतात, त्यामुळे सात हा आकडा कमी वाटेल. पण तासाची कामे धरून तीन तासांत प्रत्यक्ष किती जणांचे काम पूर्ण होते, ते वहीत मोजून पाहा. संध्याकाळी तासाचे काम एकच ठेवा. दुसरे सकाळी द्या. निवृत्त मंडळी, दुकानदार आणि शेतकरी यांना सकाळ बहुधा चालते, फक्त आपण त्यांना ती कधी विचारलेली नसते.

ठणकणाऱ्या दाढेसाठी राखलेली वीस मिनिटे सर्वांत आधी मोडावीशी वाटतात, कारण दुपारी वही पाहताना ती रिकामी दिसतात. ती मोडू नका. वेदना घेऊन आलेला माणूस परत पाठवता येत नाही. त्याच्यासाठी जागा नसेल, तर तो मध्येच घुसतो आणि पुढची सारी संध्याकाळ सरकते. कोणी आलेच नाही, तर मागे पडलेला वेळ त्या वीस मिनिटांत भरून निघतो.

आता न येणाऱ्यांकडे वळतो. वहीत न आलेल्या प्रत्येकासमोर काम काय होते, हे पाहा. माझ्याकडे त्यांतले सर्वाधिक जण रूट कॅनॉलच्या दुसऱ्या सिटिंगचे निघाले, आणि तुमच्याकडेही तसेच निघेल असे मला वाटते. पहिल्या सिटिंगमध्ये दाढेतली सुजलेली नस काढली की ठणका थांबतो. ज्या वेदनेमुळे माणूस रात्रभर जागला होता, तीच गेल्यावर त्याच्या दृष्टीने उपचार संपलेला असतो. त्यात त्याचा निष्काळजीपणा थोडा आणि आपले न सांगणे जास्त. म्हणून तो खुर्चीवरून उठण्याआधी, हातात आरसा देऊन, मी एवढे सांगतो : “आता दुखणार नाही, पण दाढ बरी झालेली नाही. वर बसवलेले सिमेंट तात्पुरते आहे. ते दोन-तीन आठवड्यांपलीकडे भरवशाचे नाही. त्याच्या कडेने लाळ आत गेली की पुन्हा पू होतो, आणि तेव्हा दाढ वाचेलच असे सांगता येत नाही.” पुढची तारीख याच वेळी, त्याच्यासमोर, आठवड्याच्या आतबाहेरची ठरवायची. तारीख जितकी लांबची, तितकी ती विसरण्याची शक्यता अधिक. सहा महिन्यांनी दात साफ करायला बोलवायचे असेल, तर वेळ देऊच नका; नाव वेगळ्या यादीत ठेवा आणि तो महिना आला की फोन करून चार-पाच दिवसांतली वेळ द्या.

दुसरे कारण पैसे, आणि त्याविषयी पेशंट स्वतःहून बोलत नाही. उरलेली रक्कम जमली नाही, म्हणून तोंड दाखवायला नको, असे वाटून माणूस येत नाही आणि फोनही उचलत नाही. तुम्ही आगाऊ पैशांचे विचारले आहे, त्यावर माझे मत असे की साध्या तपासणीसाठी ते घेऊ नयेत. लोक दुसरीकडे जातील, आणि ज्यांना खरोखर गरज आहे ते आधी जातील. कॅपसारख्या कामात लॅबचा खर्च आपल्यावर पडतो, तेव्हा माप घेतानाच काही रक्कम घेणे रास्त आहे. रूट कॅनॉलचे पैसे सिटिंगप्रमाणे विभागून, कागदावर लिहून द्या, आणि त्याच वेळी स्पष्ट सांगा की एखाद्या वेळी पैसे नसले तरी तारीख चुकवू नका, या. हे वाक्य सांगायला लागल्यापासून माझे अर्धवट राहिलेले रूट कॅनॉल कमी झाले.

कॅपच्या बाबतीत तर चूक बहुधा आपलीच असते. लॅब चार दिवसांत देतो म्हणते, आपण पाचव्या दिवशीची वेळ देतो, काम आलेले नसते, पेशंट हेलपाटा घालून परत जातो आणि पुढच्या खेपेला तोही वेळ पाळत नाही. कॅप हातात पडून साच्यावर तपासून झाल्याशिवाय वेळ द्यायचीच नाही, हा नियम मी मोडत नाही.

आठवण करून देण्याची पद्धत जरा बारकाईने सांगतो, कारण संदेश पाठवूनही लोक येत नाहीत ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. केस पेपरवर असलेला नंबर कोणाचा आहे, हे आधी पाहा. माझ्याकडे सावळजच्या एक आजी दोनदा आल्या नाहीत. नंबर पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा होता. संदेश त्याने वाचलेला होता, पण आजींना गाडीवरून घेऊन येणाऱ्या पुतण्याला त्यातले काहीच ठाऊक नव्हते. तेव्हापासून आम्ही विचारतो, “दवाखान्यात तुम्हाला कोण घेऊन येणार? त्यांचा नंबर द्या.” घरात फोन अनेकांच्या हातात जातो, म्हणून संदेशात उपचाराचे नाव लिहायचे नाही.

संदेश आदल्या दिवशी सकाळी जावा आणि त्याला उत्तर द्यावे लागेल असा असावा. आमचा मजकूर असा असतो : “उद्या, मंगळवारी संध्याकाळी ६.३० वाजता आपली दवाखान्यातील वेळ राखून ठेवली आहे. येणार असल्यास १ आणि जमणार नसल्यास २ असे लिहून पाठवावे. जमणार नसेल तर दुसरी वेळ लगेच देऊ.” शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे, कारण नाही म्हणणे लोकांना जड जाते, ते सोपे करून दिले की रद्द होणारी वेळ आपल्याला आदल्या दिवशीच कळते, आणि आदल्या दिवशी कळलेली रिकामी जागा भरता येते. संध्याकाळपर्यंत उत्तर नसेल, तर काउंटरवरच्या ताईंनी फोन करायचा. तासाच्या कामासाठी मात्र संदेशावर विसंबू नका, थेट फोनच करा. अपॉइंटमेंटच्या दिवशी दुपारी दोनपर्यंतही काही कळले नाही, तर ती वेळ दुसऱ्याला दिली जाईल, हे वेळ देतानाच सांगितलेले असावे आणि ते खरोखर पाळावे.

त्यासाठी दुसऱ्याची नावे तयार असावी लागतात. वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही अशांची यादी ठेवतो, ज्यांनी “मधे जागा झाली तर कळवा, लगेच येतो” असे सांगितले आहे. प्रत्येक नावापुढे काम, त्याला लागणारा वेळ, आणि दवाखान्यापासूनचे अंतर. समजा, वर मांडलेल्या संध्याकाळी साडेसहाचा रूट कॅनॉलचा पेशंट हो म्हणूनही आला नाही. सहा पस्तीसला ताई फोन करतात. तो म्हणतो, “निघालोय, वीस मिनिटांत पोहोचतो.” तासाचे काम पंचवीस मिनिटे उशिरा सुरू केले, तर ते आठला जवळ येईल, म्हणजे साडेसातची राखीव जागा तर जाईलच, शिवाय सात पन्नासचा पेशंटही थांबेल. म्हणून त्याला नम्रपणे दुसरी वेळ द्यायची. ठणका असेल, तर राखीव जागेत बघून तेवढ्यापुरते करायचे. मग यादीतला शंभर फुटी रस्त्यावरचा दुकानदार, ज्याचा एक दात भरायचा राहिला आहे, सहा पन्नासला येऊन सात वीसला मोकळा होतो. तासातली निम्मी मिनिटे गेली, निम्मी वाचली. यादी नसती, तर पूर्ण तास गेला असता.

आपल्या भागाच्या काही गोष्टी वेळ देतानाच पाहाव्या लागतात. जत, कवठे महांकाळकडून येणाऱ्याला “परतीची शेवटची एसटी कितीला?” असे विचारल्याशिवाय संध्याकाळची वेळ देऊ नका, रात्री नऊला सुटणारा माणूस आठला उठून जातो किंवा येतच नाही. तासगावकडची मंडळी द्राक्षांच्या काढणीत गाडी कधी भरेल ते सांगू शकत नाहीत, तेव्हा जानेवारी ते मार्चमध्ये त्यांना तासाची कामे न देता छोटी कामे द्यावीत. अमावास्येला दात काढायला माझे बरेच पेशंट तयार होत नाहीत; त्यावर वाद न घालता मी त्या दिवशी दात काढण्याची वेळच देत नाही. आणि पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडे चढू लागले, की पेशंटच्या फोनची वाट न पाहता आपणच फोन करून तारखा पुढे सरकवाव्यात. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्यांना याचे कारण सांगावे लागत नाही.

इतके करूनही एखादे काम लांबतेच. मुळे वाकडी निघतात, दाढ तुटते. तेव्हा बाहेर बसलेल्यांना “पाच मिनिटे” असे खोटे सांगू नये. वीस मिनिटांहून मागे पडलो, की ताईंनी अजून घरून न निघालेल्यांना फोन करून “आठ वीसऐवजी पावणेनऊला या” असे कळवायचे, आणि बसलेल्यांना खरी वेळ सांगायची. लोक थांबण्यापेक्षा अंदाज नसण्याला अधिक कंटाळतात. मधुमेहाचे पेशंट मात्र यात वेगळे धरा. इन्सुलिन किंवा गोळी घेतलेला माणूस जेवणाची वेळ टाळून तासभर बसला, तर साखर उतरून चक्कर येऊ शकते. त्यांना नेहमी सत्राची पहिली वेळ द्या आणि खाऊन येण्यास सांगा.

महिन्याने पुन्हा दोन आठवडे वही ठेवा आणि दोनच आकडे काढा : एका संध्याकाळी खुर्ची किती मिनिटे रिकामी राहिली, आणि दिलेल्या वेळेनंतर वीस मिनिटांहून अधिक किती जण थांबले. पहिला आकडा घटून दुसरा वाढला असेल, तर तुम्ही वेळा फार दाटून दिल्या आहेत. राखीव जागा बहुधा कोणीतरी भरून टाकलेली असेल. दोन्ही घटले आणि तरीही तेच तीन-चार जण पुन्हा पुन्हा येत नसतील, तर त्यांना नाकारू नका, पण ठरलेली वेळही देऊ नका. “सहा ते आठमध्ये केव्हाही या, जागा झाली की बघू,” असे सांगा. ते आले, तर रिकाम्या जागेत त्यांचे काम होते. नाही आले, तर त्या दिवशी खुर्ची त्यांच्यासाठी अडून राहिलेली नसते.